पोरगी एमबीबीएस झाली, पण डॉक्टर झाली का? नव्या डॉक्टरचा अर्ज कसा वाचायचा

मागच्या जून महिन्यात ओपीडी संपता संपता आमचा एक जुना पेशंट आत आला. कापसाचा शेतकरी, शुगर कंट्रोलमध्ये, त्यामुळे तपासण्यासारखं काही नव्हतं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक सांगा बाप्पा. भावाची पोरगी एमबीबीएस पास झाली म्हून आम्ही गावात पेढे वाटले. आता वर्ष झालं, अन् थे म्हन्ते मी अजून लागले नाही, नंबर यायचा हाय. मंग थे डॉक्टर झाली का नाही झाली?"

हा प्रश्न आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. कधी बाप विचारतो, कधी मुलीकडचे लोक सोयरीक जुळवताना विचारतात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी अर्ज करणारा मुलगाच विचारतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा 25 खाटांचा दवाखाना आहे. रात्रपाळीला निवासी डॉक्टर लागतो. त्याला आम्ही आरएमओ म्हणतो. त्या जागेसाठी आलेले अर्ज मीच वाचतो. अर्जात तीन गोष्टी असतात: नोंदणी, इंटर्नशिपमधली पोस्टिंग आणि कोणत्या विषयात रस आहे ते. या तीन ओळींचा अर्थ कळला, की त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

पास होणं आणि डॉक्टर होणं यात एक वर्ष असतं

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा. शेवटची परीक्षा पास झाली, की पेढे वाटले जातात. पण पदवी त्या दिवशी हातात येत नाही. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते, म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. या वर्षासाठी राज्याची वैद्यक परिषद, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, तात्पुरती नोंदणी देते. वर्ष पुरं झाल्याचा दाखला मिळाला की कायम नोंदणीसाठी अर्ज करायचा. तो मंजूर झाला की नंबर येतो.

सोपं करून सांगायचं तर तात्पुरती नोंदणी म्हणजे लर्निंग लायसन. गाडी चालवता येते, पण शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला हवा. फरक एवढाच, की हे लर्निंग लायसन फक्त इंटर्नशिपच्या रुग्णालयापुरतं चालतं. त्याच्या जोरावर गावात दवाखाना उघडता येत नाही आणि माझ्यासारख्याच्या दवाखान्यात रात्रपाळीही करता येत नाही.

म्हणजे त्या शेतकऱ्याची पुतणी शिकून झाली होती, कामही येत होतं, पण कायद्याच्या नजरेत अजून स्वतंत्र डॉक्टर नव्हती. नंबर आल्यावर होणार होती.

नंबरासाठी एवढं अडून का बसायचं?

"काम तर येतं ना, मग पंधरा दिवस इकडचे तिकडे झाले तर काय बिघडलं?" असं मलाही एकेकाळी वाटायचं. फार वर्षांपूर्वी मी ती चूक केली. इंटर्नशिप संपलेला एक हुशार मुलगा होता, कायम नोंदणीचा अर्ज केलेला होता, आणि आमच्याकडे माणूस नव्हता. मी त्याला रुजू करून घेतलं. आठवड्याभरात विष प्यालेला एक पेशंट रात्री आला. पोराने पोट धुतलं, अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, सगळं बरोबर केलं. मग पोलिसांना कळवायचं पत्र लिहिलं, खाली सही केली, आणि सहीखाली नंबर लिहायची वेळ आली तेव्हा थांबला. त्याच्याकडे लिहायला नंबरच नव्हता. रात्री अडीचला मला उठवलं, मी येऊन पुन्हा तपासलं आणि पत्र माझ्या सहीने गेलं. पेशंट वाचला म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. वाचला नसता, तर दोन-चार वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं असतं, आणि पहिला प्रश्न असता: त्या रात्री पेशंट कोणी पाहिला?

विषबाधा, सर्पदंश, भाजणं, मारामारी, अपघात या सगळ्या पोलीस केस. आपल्याकडे खरिपाच्या दिवसांत याच केस जास्त येतात. इथे डॉक्टरची सही म्हणजे पुरावा. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम 34 प्रमाणे नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या मुलाचं उभं आयुष्य पुढे होतं, आणि मी त्याला माझ्या सोयीसाठी त्या कडेला उभं केलं होतं.

तेव्हापासून नियम असा, की नंबर आधी, रुजू नंतर. नंबर खरा आहे का हे पाहायला फार काही लागत नाही. मेडिकल कौन्सिलच्या आणि राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदवही असते. नाव जुळतं का आणि मुदत संपलेली नाही ना, एवढं मी बघतो. मुदत का, तर महाराष्ट्रातली कायम नोंदणीही पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. कायम म्हणजे जन्मभर, अशी समजूत डॉक्टरांमध्येही आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत आधार कार्डावर एक नाव, नोंदवहीत दुसरं, असंही होतं. त्यात फसवणूक नसते, पण पोलीस पत्रावर जे नाव जाईल तेच नोंदवहीत हवं.

आणि एक सूचना पोरांसाठी. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, पण मूळ कागद कुठल्याही दवाखान्यात ठेवून येऊ नका. नोकरी सोडताना ते परत मागायला जी खेटी घालावी लागतात, ती मी पोरांच्या तोंडून ऐकली आहेत.

पोस्टिंगचे आठवडे सगळ्यांचे सारखेच असतात

आता दुसरी ओळ. इंटर्नशिपचं वर्ष वेगवेगळ्या विभागांत वाटलेलं असतं. एका विभागातल्या मुक्कामाला पोस्टिंग म्हणतात. 2021 च्या नियमांनुसार सगळ्यात मोठं पोस्टिंग सामुदायिक आरोग्याचं, 12 आठवडे. त्यातला बराच काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत जातो. मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी 6 आठवडे, स्त्रीरोग आणि बाळंतपण 7, बालरोग 3, कॅज्युअल्टी फक्त 2.

अर्जात मुलं हे सगळं आठवड्यांसकट टाइप करून पाठवतात. ते वाचून मला काहीच कळत नाही. नियमच सारखा, तर आठवडे सारखेच असणार. नागपूरच्या मेडिकलचा मुलगा असो की सेवाग्रामचा, 6 म्हणजे 6. एकाच वर्गात बसलेल्या साठ पोरांची हजेरी सारखी असते, पण पाढे सगळ्यांना येतात असं नाही.

खरं कळतं ते लॉगबुकमधून. लॉगबुक म्हणजे इंटर्नने केलेल्या कामांची वही, वरिष्ठांच्या सह्यांची. त्यातल्या कामाबद्दल मी एकच विचारतो: हे पाहिलं, मदत केली, कोणी शेजारी उभं असताना केलं, की स्वतः केलं? बाळंतपण "केलं" म्हणणारा मुलगा पुष्कळदा ट्रे धरून उभा असतो. त्यात लाज काहीच नाही. पण मला ते आधी कळलं, तर त्या रात्री मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना वेळेत बोलावतो.

आणि पीएचसीच्या 12 आठवड्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पुष्कळ इंटर्न हे पोस्टिंग म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी समजतात. सह्या होतात, पोरं लायब्ररीत असतात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला याने फरक पडत नसेल. मला पडतो. कारण कुठला पेशंट आपण ठेवायचा आणि कुठला ताबडतोब 108 मध्ये घालून पुढे पाठवायचा, हे ज्या ठिकाणी रक्तपेढी नाही, व्हेंटिलेटर नाही आणि जिल्ह्याचं गाव पन्नास किलोमीटरवर आहे, अशाच ठिकाणी शिकता येतं. मोठ्या कॉलेजात पाठवायचं कुठे? वरच्या मजल्यावर.

एका मुलीचा अर्ज

या वर्षी आलेला एक अर्ज उघडून दाखवतो. नाव, गाव सोडून देतो. मुलगी विदर्भातलीच, खाजगी महाविद्यालयातून शिकलेली, बाँडची भानगड नाही (बाँडचं पुढे सांगतो). इंटर्नशिप 1 एप्रिलला सुरू, म्हणून अर्जात लिहिलं होतं "31 मार्चला पूर्ण". 1 मे पासून रुजू व्हायला तयार.

मी कागद पाहिले. दाखल्यावर तारीख होती 9 एप्रिल. का? तर मधे तिला कावीळ झाली आणि 24 दिवस सुट्टी पडली. इंटर्नशिपमध्ये 15 दिवसांची सुट्टी चालते. वरचे 9 दिवस भरून द्यावे लागले. म्हणजे खोटं काही नव्हतं, फक्त अर्ज आधी टाइप केला होता आणि तारीख बदलायची राहिली. पण दाखल्यात एक तारीख आणि अर्जात दुसरी, हे पाहून एखादा दवाखाना अर्ज बाजूला ठेवतो आणि मुलीला कारण कधी कळतही नाही. नोंदणीच्या जागी तिने तात्पुरत्या नोंदणीचा क्रमांक लिहिला होता. पुढे कंसात "कायम नोंदणी प्रक्रियेत" एवढं लिहिलं असतं, तर मला फोन करावा लागला नसता.

मग मुलाखत. मी पाठांतर विचारत नाही. एक केस सांगितली. पहाटे चारला शेतमजूर आणला आहे, वय तीस. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात दुखतं म्हणून उठला, आता पापण्या जड झाल्यात, गिळताना त्रास होतो. अंगावर कुठे दात उमटलेला नाही, सूज नाही. नातेवाईक म्हणतात, दारू जास्त झाली.

ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "मण्यार." मी विचारलं, खूण तर नाही. ती म्हणाली, "मण्यारची बरेचदा दिसतच नाही सर. पीएचसीत असताना असा एक आला होता, तिथल्या नर्सताईंनी आधी ओळखला. मी गॅस्ट्रो समजत होते."

पुढे विचारलं, साप कुठला ते कोणालाच माहीत नाही, मग आणखी काय करशील? तिने वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सांगितली. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपं करायचं. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसं यांचं विष रक्तात भिनलंय. मण्यार आणि नागाच्या दंशात ते सहसा गोठतं, म्हणून गोठलं तरी पापण्यांकडे दुर्लक्ष करायचं नाही. मी मुद्दाम विचारलं, प्लॅस्टिकची नळी चालेल? ती म्हणाली, "नाही सर. साबणाने धुतलेली काचेचीही नाही. चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही त्यात, आणि आपण उगाच घाबरतो." हे तिने हाताने केलेलं होतं. कारण पुस्तक वाचणारा चाचणी सांगतो आणि नळी धुतलेला माणूसच साबणाचं सांगतो.

प्रतिविषाच्या दहा बाटल्यांपासून सुरुवात, रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी, हे तिने नीट सांगितलं. श्वास मंदावला तर काय? "घशातून श्वासाची नळी टाकायची. पण मी फक्त दोनदा टाकलीय, दोन्ही वेळा भूलतज्ज्ञ शेजारी होते. जमली नाही तर अंबू बॅगने श्वास देत राहीन आणि तुम्हाला उठवीन."

हे "फक्त दोनदा" ऐकलं आणि माझं ठरलं.

"बालरोगात रस आहे" म्हणजे बालरोगतज्ज्ञ नव्हे

तिसरी ओळ. तिने लिहिलं होतं, बालरोगात विशेष रस. आमच्या कारकुनाने उत्साहाने विचारलं, "सर, बोर्डावर बालरोग लिहू का?" अजिबात नाही.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. "यंदा चणा पेरायचा विचार आहे" हे एक, आणि सातबाऱ्यावर पीक पाहणीत चणा लागलेला असणं हे दुसरं. रस म्हणजे विचार. तज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएसनंतर नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, मग एमडी किंवा डीएनबीची तीन वर्षं, आणि ती पदवी पुन्हा मेडिकल कौन्सिलमध्ये वाढीव पात्रता म्हणून नोंदवणं. डॉक्टरांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, की त्या शाखेची पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. तीन आठवड्यांच्या बालरोग पोस्टिंगवर बोर्ड रंगवणारे दवाखाने आहेत. ते चूक करतात, आणि कारवाई झालीच तर आधी त्या पोराच्या नोंदणीवर होते.

मग ही ओळ कशाला विचारायची? दोन कारणं. एक, कामाची वाटणी करता येते. बालरोगात रस असलेल्या मुलीला मी बालरोगतज्ज्ञांच्या राउंडला जोडून देतो. ती शिकते, पोरांच्या वॉर्डात रात्री डोळे उघडे असलेलं माणूस मला मिळतं. दुसरं, ती किती दिवस राहील हे कळतं. रस म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे आधीचे तीन-चार महिने सुट्टी. पुष्कळ पोरं हे लपवतात, "कायम राहायचं आहे" म्हणतात आणि परीक्षेच्या आधी फोन बंद. मी म्हणतो, सरळ सांगा. आठ महिने राहणार असाल तर आठ महिने. माहीत असेल तर पुढचा माणूस शोधता येतो.

काही शंका

"मग आरएमओ म्हणून आयुर्वेदवाले, होमिओपॅथीवाले कसे चालतात?" हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, विशेषतः सप्टेंबर 2025 मध्ये राज्यात डॉक्टरांचा संप झाल्यापासून. वाद होता तो आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंद मेडिकल कौन्सिलमध्ये करण्याचा. मूळ रचना अशी: आयुर्वेदाची नोंद वेगळ्या परिषदेत, होमिओपॅथीची वेगळ्या आणि एमबीबीएसची मेडिकल कौन्सिलमध्ये. म्हणून नुसतं "रजिस्टर्ड आहे" एवढ्याने भागत नाही, कुठल्या नोंदवहीत आहे ते विचारायचं. ग्रामीण भागातले किती तरी दवाखाने बीएएमएस डॉक्टरांच्या बळावर रात्र काढतात, हेही खरं आहे, आणि त्यांच्यातल्या काहींचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण पेशंटला समोर कोण उभं आहे हे कळलं पाहिजे.

"बाँड म्हणजे काय?" सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना इंटर्नशिपनंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, नाहीतर 10 लाख रुपये भरावे लागतात. असा मुलगा आला तर मी पहिलं विचारतो, बाँड झाला का? नसेल झाला तर आधी तो कर म्हणतो. त्या वर्षात दुर्गम पीएचसी मिळाली तर ते वर्ष माझ्याकडच्या दोन वर्षांबरोबर.

"रशियाहून शिकून आलेल्यांचं काय?" त्यांना इथली एफएमजीई परीक्षा पास व्हावी लागते, 300 पैकी 150 गुण, आणि मग इथली इंटर्नशिप. ती झाली की नंबर तोच, हक्क तेच.

"एमबीबीएस आहे तर सोनोग्राफी करू दे की!" नाही. त्यासाठी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली वेगळं प्रशिक्षण लागतं. मशीन दवाखान्यात असलं तरी ते कोणी हाताळायचं, ते नाव आधी नोंदवावं लागतं. रात्री कोणी कितीही घाई केली तरी आरएमओने त्याला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

पुढे काय झालं

त्या मुलीला मी 1 मे ला रुजू करून घेतलं नाही. नंबर येईपर्यंत थांब म्हटलं. तिच्या वडिलांना राग आला, दुसऱ्या एका दवाखान्यातून "लगेच या" असा फोन होता. ती थांबली. नंबर मेच्या शेवटी आला, नोंदवहीत मी स्वतः पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तिचा शिक्का बनवायला टाकला: नाव, एमबीबीएस, नोंदणी क्रमांक. तज्ज्ञ वगैरे काही नाही.

जुलैत, पेरण्या आटोपल्यावर, पहाटे पाचला तिचा फोन आला. शेतमजूर बाई, पोटात दुखतं, पापण्या जड. "सर, खूण नाहीये. दहा बाटल्या सुरू केल्यात. तुम्ही या, नळी टाकावी लागेल असं वाटतंय." मी चप्पल घालत होतो तेव्हा तिने विचारलं, "आणि सर, पोलिसांचं पत्र मी लिहू ना?"

म्हटलं, लिही. खाली नंबर टाक.